चान्स घेताना घेतलेल्या गोळ्या: कुठली चालू ठेवली, कुठली बंद केली आणि का

आम्ही चान्स घ्यायला लागून वर्ष उलटलं तरी दिवस राहिले नाहीत, तेव्हा तपासण्या सुरू केल्या. तपासण्यांच्या आधीच घरात गोळ्या आल्या होत्या. काही पहिल्या दवाखान्यातून मिळालेल्या, काही नणंदेने सुचवलेल्या, काही नवऱ्याच्या जिममधल्या मित्राने. मी एकतीस वर्षांची, नवरा चौतीसचा, दोघंही पुण्यात नोकरीला. सकाळी आठला घर सोडायचं आणि अंधार पडल्यावर परत यायचं, असा दिनक्रम. मी पूर्ण शाकाहारी आहे, तो अधूनमधून अंडी खातो. ही माहिती पुढे लागणार आहे म्हणून आधीच सांगते.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी फोनवरच सांगितलं होतं, "दोघं जे जे घेताय ते सगळं घेऊन या. पट्ट्या, डबे, पावडरी, आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा. आणि औषधाचं नाव नका सांगू, मागच्या बाजूचं वाचता आलं पाहिजे." आम्ही कापडी पिशवी भरून नेली. त्यांनी एकेक पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली आणि प्रत्येकाबद्दल तेच दोन प्रश्न विचारले. या गोष्टीची तुमच्या शरीरात कमतरता आहे का, किंवा होणाऱ्या बाळाला हिची गरज आहे का? आणि ही घेतल्यावर मुलं जास्त जन्मली असं कुणी मोजलंय, की फक्त रिपोर्टमधला एखादा आकडा वाढलेला दिसलाय? दुसरा प्रश्न मला तेव्हा नीट कळला नव्हता. झिंकच्या गोळीपाशी आल्यावर तो कळला.

सुरुवात फोलिक ॲसिडपासून झाली. माझ्याकडे पाच मिलिग्रॅमची पट्टी होती, कारण मेडिकलमध्ये मागितल्यावर बहुतेक वेळा तीच मिळते. डॉक्टर म्हणाल्या, "या एका गोळीबद्दल वाद नाही. पण ही दिवस राहण्यासाठी नाही. ही बाळाच्या मेंदूसाठी आणि पाठीच्या कण्यासाठी आहे." गर्भाची जी नलिका पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होते, ती गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठावीस दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकली हे लक्षात येऊन आपण टेस्ट करतो, तोपर्यंत हे काम जवळजवळ उरकलेलं असतं. म्हणून गोळी आधीपासून हवी, निदान एक महिना, शक्यतो तीन. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेला मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या बायकांच्या आधीच्या बाळाला असा दोष होता त्यांना रोज चार मिलिग्रॅम फोलिक ॲसिड दिलं, आणि पुढच्या बाळात तो दोष पुन्हा येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. इतका स्वच्छ पुरावा पिशवीतल्या दुसऱ्या कुठल्याच पाकिटाच्या मागे नव्हता.

मात्र मला पाच मिलिग्रॅमची गरज नव्हती. आधीच्या बाळात असा दोष, मधुमेह, फिट्सची औषधं, बरंच जास्त वजन असं काही असेल तर मोठा डोस देतात. बाकीच्यांना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं, म्हणजे माझ्या गोळीच्या साधारण बाराव्या भागाइतकं. "जास्त घेतलं तर काय बिघडतं?" असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी माझा बी-ट्वेल्व्हचा रिपोर्ट पुढे ओढला. त्यात १४० आकडा होता आणि प्रयोगशाळेची खालची मर्यादा २०० च्या आसपास होती. बी-ट्वेल्व्ह कमी असताना नुसतं फोलिक ॲसिड भरपूर घेतलं, तर रक्तातली कमतरतेची खूण झाकली जाते आणि नसांवरचा परिणाम मात्र आत चालूच राहतो. शिवाय हा आपल्याच भागातला विषय आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींचं बी-ट्वेल्व्ह कमी निघालं. आईचं बी-ट्वेल्व्ह कमी आणि फोलेट जास्त अशी जोडी जिथे होती, त्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला शरीर दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त दिसलं. हा संबंध आहे, सिद्ध झालेलं कारण नव्हे, हेही डॉक्टरांनी लगेच सांगितलं. पण रोज दूध-दही खाऊनही माझं बी-ट्वेल्व्ह एवढं खाली असेल, तर ते भरून काढायला आणखी कुठला पुरावा लागत नाही. माझी फोलिकची गोळी ४०० मायक्रोग्रॅमची झाली आणि बी-ट्वेल्व्ह वेगळं सुरू झालं. शाकाहारी घरातल्या कुणी चान्स घेत असेल तर मी सगळ्यांत आधी हीच तपासणी करायला सांगेन.

मग व्हिटॅमिन डी. माझा आकडा अकरा नॅनोग्रॅम आला होता. वीसच्या खाली कमतरता मानतात. पहिल्या दवाखान्यात हा रिपोर्ट बघून "हेच कारण असणार" असं म्हटलं गेलं होतं, आणि मी ते अक्षरशः धरून बसले होते. कारण सापडलं की माणसाला हलकं वाटतं. सध्याच्या डॉक्टरांनी ते वाक्य शांतपणे बाजूला केलं. "तुमच्याबरोबर बाहेर बसलेल्या, दुसऱ्यांदा गरोदर असलेल्या दहा जणींचं डी तपासलं, तर बऱ्याच जणींचं असंच निघेल. आपल्याकडे ऊन भरपूर आहे, पण आपण उन्हात नसतो."

हा समज आला कुठून तेही त्यांनी सांगितलं. आयव्हीएफ करणाऱ्या बायकांचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तर ज्यांचं डी पुरेसं आहे त्यांच्यात बाळ होण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसतं. इथपर्यंत खरं आहे. पण ज्यांचं डी चांगलं असतं त्या बहुधा बाहेर हिंडणाऱ्या, चालणाऱ्या असतात. वजन जास्त असलं की डी रक्तात कमी दिसतं, आणि जास्त वजनाचा परिणाम बीज सुटण्यावरही होतो. मग बाळ डीमुळे झालं की डीसोबत येणाऱ्या बाकीच्या गोष्टींमुळे, हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडावे लागतात, एकाला खरं औषध, दुसऱ्याला तसंच दिसणारं रिकामं. इटलीत आयव्हीएफसाठी आलेल्या, डी कमी असलेल्या ६३० बायकांवर हे केलं गेलं आणि २०२१ साली निकाल आला. एका गटाला सहा लाख आययूचा एकच मोठा डोस दिला. डी मिळालेल्या गटात ३७ टक्के जणींना गर्भ राहिला, रिकामं औषध मिळालेल्या गटात ४० टक्के जणींना. म्हणजे फरक पडला नाही. पुरुषांसाठी डेन्मार्कमध्ये तीनशेहून अधिक जणांवर असाच प्रयोग झाला, त्यांनी डी आणि कॅल्शियम दिलं, आणि एकंदरीत वीर्याचा दर्जा सुधारला नाही. ज्यांची शुक्रजंतूंची संख्या मुळात कमी होती, त्या छोट्या गटात बाळं थोडी जास्त झाली असं दिसलं. पण छोट्या गटातल्या अशा आकड्यावर पुन्हा प्रयोग झाल्याशिवाय भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून डी सोडून द्यायचं का? नाही. अकरा हा आकडा हाडांसाठी वाईट आहे आणि गरोदरपणात आईकडूनच बाळाला डी मिळतं. मला आठवड्याला साठ हजार आययू, आठ आठवडे, आणि नंतर महिन्याला एक असं लिहून दिलं. जेवणानंतर घ्यायचं, कारण ते स्निग्ध पदार्थांसोबत नीट शोषलं जातं. तीन महिन्यांनी माझा आकडा चौतीस झाला आणि पाय दुखायचे ते बरेच कमी झाले. दिवस राहण्याशी त्याचा संबंध जोडायचा नाही, एवढंच मी मनाला बजावलं.

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगावीशी वाटते. साठ हजारचं सॅशे आठवड्याचं असतं, पण पाकीट रोजच्या गोळीसारखंच दिसतं, आणि लोक ते रोज घेतात. आमच्या मेडिकलवाल्या काकांनी प्रत्येक सॅशेवर पेनाने मोठ्या अक्षरात "रविवार" लिहून दिलं, कारण त्यांच्याच एका गिऱ्हाइकाने सलग रोज घेतलं होतं. डी शरीरात साठत जातं. ते फार झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं. मग भूक जाते, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, पुढे गोंधळल्यासारखं होणं आणि मूत्रपिंडाला इजा. असं काही दिसलं तर गोळी थांबवून कॅल्शियम आणि डी दोन्ही तपासावं. डीचं इंजेक्शन आणि सॅशे दोन्ही एकाच वेळी चालू असणं हाही याच संकटाकडे जाणारा रस्ता आहे. डॉक्टर बदलले की हे हमखास होतं, कारण नव्या डॉक्टरांना जुनं इंजेक्शन कुणी सांगत नाही.

आता झिंक. ही गोष्ट नवऱ्याची. त्याची पहिली वीर्यतपासणी झाली, तेव्हा संख्या एका मिलिलिटरला अकरा दशलक्ष आली. प्रयोगशाळेच्या कागदावर शेजारी "सोळाच्या वर" असं छापलेलं होतं आणि अकराभोवती लाल गोल होता. त्या गोलाने तो आठवडाभर गप्प होता. पहिल्या दवाखान्यातून पुरुषांसाठीची एक कॅप्सूल मिळाली, दिवसातून दोनदा घ्यायची. तिच्यात को-क्यू-टेन, कार्निटिन, लायकोपिन, सेलेनियम, झिंक असं बरंच काही होतं. त्याआधीपासून तो जिमच्या मित्राच्या सांगण्यावरून एक मल्टिव्हिटॅमिन घेत होताच. कॅप्सूल सुरू झाल्यावर सकाळी त्याला मळमळायला लागलं. ॲसिडिटी म्हणून चहा सोडला, तरी फरक नाही.

डॉक्टरांनी कागद घेतला आणि बेरीज केली. मल्टिव्हिटॅमिनवर लिहिलं होतं झिंक सल्फेट मोनोहायड्रेट ६१.८ मिलिग्रॅम. हा क्षाराचा आकडा. त्यातलं खरं झिंक साधारण छत्तीस टक्के, म्हणजे २२.५ मिलिग्रॅम. काही पट्ट्यांवर क्षाराचा आकडा मोठा छापतात, काहींवर शुद्ध झिंकचा, आणि दोन्ही शेजारी ठेवून बेरीज केली की हिशेब चुकतो. कॅप्सूलमध्ये शुद्ध झिंक १२.५, दिवसातून दोनदा म्हणजे २५. दोन्ही मिळून साडेसत्तेचाळीस, आणि जेवणातलं वेगळं. आपल्याकडच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला सतरा मिलिग्रॅम झिंक लागतं आणि चाळीसच्या वर रोज जाऊ नये असं मानतात. रिकाम्या पोटी एवढं झिंक घेतलं की मळमळणारच. आणि महिनोन्महिने तसंच चालू ठेवलं तर झिंक तांब्याचं शोषण अडवतं, त्यातून रक्त कमी होऊ शकतं, पांढऱ्या पेशी घटू शकतात, हातापायांना मुंग्या येऊ शकतात. मूल व्हावं म्हणून घेतलेल्या गोळीने हे होणं किती दुःखाचं!

"पण झिंक लागतं ना डॉक्टर?" नवऱ्याने विचारलं. लागतंच. वीर्यात झिंक भरपूर असतं, प्रोस्टेट ग्रंथी ते त्यात सोडते. आणि झिंक फारच कमी पडलं तर काय होतं हे जगाला कळलं ते मूळच्या बिहारच्या एका डॉक्टरमुळे. आनंद प्रसाद इराणमधल्या शिराझला काम करत होते. तिथे त्यांना वाढ खुंटलेले, तारुण्यात येऊनही जननेंद्रियांची वाढ न झालेले तरुण भेटले, जे मुख्यतः बिनखमिराच्या रोटीवर जगत होते आणि मातीही खात होते. १९६१ साली त्यांनी याबद्दल लिहिलं आणि पुढे इजिप्तमध्ये काम करून झिंकची कमतरता हेच कारण असल्याचं दाखवलं. धान्याच्या कोंड्यातलं फायटेट झिंकला धरून ठेवतं आणि ते पोटात शोषलं जात नाही. पीठ आंबवलं किंवा कडधान्याला मोड आणले की फायटेट कमी होतं. इडली, आंबोळी, मटकीची उसळ यांचा झिंकशी असा संबंध आहे हे ऐकून मला फार बरं वाटलं.

अडचण पुढची आहे. फार कमतरता असलेल्याला झिंक दिलं तर फायदा होतो, यावरून कुणालाही झिंक दिलं तर शुक्रजंतू वाढतील, असं गृहीत धरलं गेलं. त्याला जोर मिळाला २००२ सालच्या नेदरलँडमधल्या एका प्रयोगाने. दोनशेच्या आसपास पुरुष, २६ आठवडे झिंक सल्फेट ६६ मिलिग्रॅम आणि फोलिक ॲसिड पाच मिलिग्रॅम. ज्यांची जननक्षमता कमी होती त्यांच्यात, दोन्ही एकत्र दिल्यावर, एकूण निरोगी शुक्रजंतूंची संख्या ७४ टक्क्यांनी वाढली. हा आकडा आजही जाहिरातींच्या पोटात बसलेला आहे. पण त्या प्रयोगात बाळं मोजलेली नव्हती.

ती मोजली गेली अमेरिकेत. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने पैसे दिलेला हा प्रयोग, निकाल २०२० साली प्रसिद्ध झाला. मूल होत नाही म्हणून उपचारांना आलेली २,३७० जोडपी. पुरुषांना सहा महिने रोज तीस मिलिग्रॅम झिंक आणि पाच मिलिग्रॅम फोलिक ॲसिड, किंवा तसंच दिसणारं रिकामं औषध. झिंकवाल्या गटात ३४ टक्के जोडप्यांना बाळ झालं, दुसऱ्या गटात ३५ टक्क्यांना. संख्या, हालचाल, आकार, यांतही फरक नाही. एक फरक मात्र निघाला आणि तो उलटा होता. शुक्रजंतूंमधला डीएनए तुटलेला असण्याचं प्रमाण झिंकवाल्यांत थोडं जास्त, २९.७ टक्के, तर दुसऱ्यांत २७.२. पोटाच्या तक्रारीही झिंकवाल्यांत जास्त. डॉक्टरांचा दुसरा प्रश्न मला इथे कळला. रिपोर्टमधला आकडा आणि घरात येणारं बाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वाढली म्हणून दुसरी मिळते असं नाही. मोठा प्रयोग झाला तेव्हा तर पहिलीही वाढली नाही.

या प्रयोगाची मर्यादा आहे. ते अमेरिकन पुरुष होते, त्यांच्या जेवणात मांस असतं, झिंकची कमतरता फारशी नसणार. आपल्याकडे रोज भाकरी-डाळीवर असलेल्या, पोट सतत बिघडणाऱ्या माणसाला कमतरता असू शकते आणि त्याला डॉक्टरांनी झिंक देणं वेगळं. तेही रक्ततपासणीने नक्की ठरत नाही, कारण रक्तातलं झिंक जेवणानंतर उतरतं, तापात उतरतं. खाणं, जुलाब, जखमा भरायला लागणारा वेळ असं सगळं बघून अंदाज बांधावा लागतो. नवऱ्याचं यातलं काहीच नव्हतं. मल्टिव्हिटॅमिन आणि कॅप्सूल दोन्ही बंद झाली. मळमळ काही दिवसांत थांबली.

लाल गोलाचं पुढे काय झालं ते सांगते, कारण गोळ्यांच्या बहुतेक दाव्यांचं मूळ तिथेच आहे. डॉक्टरांनी विचारलं, "तपासणीच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत ताप आला होता का?" आला होता. फ्लूने तो चांगलाच आडवा झाला होता, एकशेतीनपर्यंत ताप. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण चौऱ्याहत्तर दिवस लागतात, आणि बाहेर येईपर्यंत आणखी काही. मोठा ताप येऊन गेला की त्याची सावली पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या रिपोर्टवर पडते. शिवाय एकाच निरोगी माणसाची संख्यासुद्धा दर वेळी बरीच वरखाली होते. किती दिवस संबंध नव्हता यावर ती बदलते, म्हणून दोन ते सात दिवसांचं अंतर सांगतात. सगळा नमुना डबीत पडला का, तो किती वेळात प्रयोगशाळेत पोचला, यावरही बदलते. सोळा दशलक्ष ही रेषासुद्धा नापासाची नाही. ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस राहिले अशा पुरुषांतले सर्वांत खालचे पाच टक्के त्या रेषेच्या खाली होते, म्हणजे तेही बापच झाले होते.

अडीच महिन्यांनी, कुठलंही औषध न घेता, त्याने पुन्हा तपासणी केली. तेवीस दशलक्ष. समजा त्या काळात कॅप्सूल चालू असती, तर आम्ही दोघांनीही तिचेच आभार मानले असते, चार जणांना तिचं नाव सांगितलं असतं, आणि ते सगळं मनापासून सांगितलं असतं. वाईट आकडा आला की माणूस औषध सुरू करतो, आणि वाईट आकडा पुढच्या वेळी बहुधा आपोआपच थोडा वर येतो. "मला फरक पडला" असं सांगणारे लोक खोटं बोलत नसतात. फरक त्यांना दिसलेला असतो. म्हणूनच रिकाम्या औषधाचा गट लागतो.

कॅप्सूलमधल्या बाकीच्या घटकांचंही असंच. व्हिटॅमिन सी, ई, सेलेनियम, कार्निटिन, झिंक, फोलिक ॲसिड, लायकोपिन हे सगळं एकत्र करून अमेरिकेतच १७१ पुरुषांवर प्रयोग झाला, त्याचाही निकाल २०२० चा. वीर्यही सुधारलं नाही आणि गर्भही जास्त राहिले नाहीत. जुन्या लहान लहान प्रयोगांची बेरीज केली तर थोडा फायदा दिसतो, पण त्यातले सैल पद्धतीने केलेले प्रयोग बाजूला काढले की तो उरत नाही. नवऱ्याला डॉक्टरांनी एकच गोष्ट जरबेने सांगितली. जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन किंवा "बूस्टर" दिलं तर हात लावायचा नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू वृषणांना काम थांबवायला सांगतो आणि शुक्रजंतू शून्यावर जाऊ शकतात. शरीर भरलेलं दिसतं, पण रिपोर्टमध्ये काहीच नसतं. हे सुधारायला महिने लागतात, कधी वर्षही.

माझ्या बाजूची पाकिटं भराभर उरकली. मायो-इनोसिटॉलची पावडर पीसीओएससाठी देतात, तिथेही पुरावा कच्चाच आहे, आणि माझी पाळी नियमित, पीसीओएस नाही, म्हणून बंद. को-क्यू-टेन बीजांचा साठा कमी असलेल्यांसाठी लहान प्रयोगांत आशादायक दिसलंय, पण बाळं वाढल्याचं पक्कं नाही, आणि ते महाग आहे. डीएचईए हे तर संप्रेरक आहे, व्हिटॅमिन नाही. त्याने चेहऱ्यावर मुरुम आणि केस येऊ शकतात. ते माझ्या पाकिटात का होतं याचं उत्तर मला शेवटपर्यंत मिळालं नाही. सासूबाईंनी प्रेमाने आणलेल्या अश्वगंधाबद्दल डॉक्टरांनी त्यांनाच नीट समजावलं, "आई, पुरुषांवर लहान प्रयोग झालेत, पण काही लोकांच्या यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, आणि गरोदरपणात तर हे नकोच. चान्स घेताना दिवस कधी राहतील सांगता येत नाही, म्हणून आत्ताही नको." सासूबाईंना ते पटलं.

दोन पाकिटं मात्र त्यांनी बराच वेळ हातात धरली. एक कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल. त्यात व्हिटॅमिन ए असतं, आणि रेटिनॉलच्या रूपातलं ए रोज दहा हजार आययूच्या वर गेलं तर गर्भाला इजा करू शकतं. एका कॅप्सूलमध्ये तेवढं नसतं, पण मल्टिव्हिटॅमिन, तेल आणि त्वचेची गोळी अशी बेरीज होत जाते. दुसरी माझी केसांची गोळी, बायोटिनची, दहा मिलिग्रॅमची. बायोटिन काही प्रयोगशाळांच्या तपासणीपद्धतीत ढवळाढवळ करतं, टीएसएच खोटं कमी दाखवतं. थायरॉइडचा रिपोर्ट आमच्यासारख्यांच्या बाबतीत महत्त्वाचा, म्हणून गोळी दोन दिवस बंद ठेवून मी रक्त दिलं. आकडा आधीपेक्षा वेगळा आला, सुदैवाने मर्यादेत.

पाकिटांवरची एक ओळही मी तेव्हापासून वाचते. यातली बरीच उत्पादनं औषध म्हणून नव्हे, तर अन्नपूरक म्हणून विकली जातात. त्यांच्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असतो आणि "औषधी उपयोगासाठी नाही" या अर्थाचं इंग्रजी वाक्य छापावंच लागतं. अन्नपूरक विकण्यासाठी त्याने बाळं होतात हे सिद्ध करावं लागत नाही. दवाखान्याच्या काउंटरवर ते पाकीट औषधांच्या शेजारी ठेवलं म्हणून ते औषध होत नाही.

पैशांपेक्षा मला जास्त बोचलं ते वेळेचं. "तीन महिने ही कॅप्सूल घ्या, मग बघू" हे वाक्य आम्ही पहिल्या दवाखान्यात पुन्हा पुन्हा ऐकलं होतं, आणि तेवढ्या काळात माझ्या गर्भनलिका उघड्या आहेत का, हे कुणी पाहिलं नव्हतं. सध्याच्या डॉक्टरांनी नवऱ्याच्या दुसऱ्या रिपोर्टची वाट न बघता मला पाळी संपल्यावर एचएसजीला पाठवलं. गर्भाशयात रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढतात. दुखलं, पण थोडाच वेळ. डावी नलिका उघडी, उजवी गर्भाशयापाशीच बंद दिसली. तिथे कधीकधी स्नायू आवळल्यानेही बंद असल्यासारखं दिसतं, म्हणून खरोखर बंद आहे का, आणि आसपास काही चिकटलेलं किंवा एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढलेलं, आहे का, हे पोटात दुर्बीण घालून, म्हणजे लॅपरोस्कोपीत, बघायचं ठरलंय. हे कुठल्याही गोळीने कळलं नसतं आणि सुटलंही नसतं.

लॅपरोस्कोपीची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे. सध्या मी रोज फोलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम आणि बी-ट्वेल्व्ह घेते, महिन्याच्या पहिल्या रविवारी डीचं एक सॅशे. बी-ट्वेल्व्ह परवाच पुन्हा तपासलं, ३१० आलं. नवरा काहीच घेत नाही. त्याने सिगारेट सोडली आहे, मांडीवर लॅपटॉप ठेवणं बंद केलंय, आणि आठवड्यातून दोनदा मटकी भिजवण्याचं काम स्वतःकडे घेतलंय.